पंचेचाळिसावा अध्याय

आमच्या दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी तिथे बसून हिब्रू आणि ग्रीक भाषांमधून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. हे काम पंधरा वर्षांहून अधिक काळ चालले होते. शेवटची मुद्रिते तपासायची राहिली असताना तब्येत पार ढासळली. तेव्हा त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले, ते मिळाले, शेवटचे पान तपासून झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, असे मुक्तीतल्या परंपरेत सांगतात. छापलेला ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

ही हकिकत पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला पैठणची एक जुनी आख्यायिका आठवली. कृष्णदास मुद्गल नावाचे एक कवी रामायणाचे युद्धकांड रचत होते. ग्रंथ संपायला थोडाच अवकाश आणि मरण तर दारात. त्यांनी एकनाथांना गाठले आणि नाथांनी काळाला अकरा दिवस थांबवले. तेवढ्यात युद्धकांड पुरे झाले. केडगावचे दहा दिवस आणि पैठणचे अकरा, मधे तीन शतकांहून अधिक अंतर. पण लिहिणाऱ्याची भीती तीच. ग्रंथ अर्धा राहिला तर पुढे काय?

गंमत अशी, की दुसऱ्याच्या युद्धकांडासाठी काळाला थांबवणाऱ्या एकनाथांचे स्वतःचे युद्धकांड अर्धेच राहिले. भावार्थ रामायणाच्या युद्धकांडाचा ४४ वा अध्याय झाला आणि शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी देह ठेवला. उरलेले युद्धकांड आणि सगळे उत्तरकांड त्यांच्या एका शिष्याने, गावबाने, पुरे केले. आज आपण ज्याला एकनाथांचे भावार्थ रामायण म्हणतो त्याचे २९७ अध्याय आणि सुमारे ४० हजार ओव्या आहेत. त्यांतले शंभराहून अधिक अध्याय गावबाचे आहेत. म्हणजे ग्रंथाचा तिसरा हिस्सा, किंवा त्याहून जास्त, दुसऱ्या माणसाचा आहे. तरीही आपल्या दौंड-शिरूरकडच्या सप्ताहांत या ग्रंथावर निरूपण चालते तेव्हा चव्वेचाळिसावा अध्याय संपून पंचेचाळिसावा कधी लागला हे श्रोत्यांच्या ध्यानातही येत नाही. ही किमया कशी साधली आणि साधताना गावबाने काय काय ठरवले, हे मला या लेखात पाहायचे आहे.

आधी परंपरा काय सांगते ते पाहू. नाथांच्या चरित्राचे आपले मुख्य आधार म्हणजे केशवस्वामींचे एकनाथचरित्र, शके १६८२ चे, आणि त्यानंतरचे महिपतींचे ग्रंथ. दोन्ही नाथांनंतर दीडशे वर्षांहून अधिक काळाने लिहिलेले आहेत, हे विसरायचे नाही. गावबाची जी गोष्ट या परंपरेतून आपल्यापर्यंत आली ती अशी. एका गरीब ब्राह्मणीचा हा मुलगा. त्याला रोज पुरणपोळी लागे. आईला ते परवडेना म्हणून तिने त्याला नाथांच्या घरी आणून सोडले. गिरिजाबाईंनी त्याला ठेवून घेतले आणि रोज पुरणपोळी घातली. डोक्याने मंद म्हणून लोक त्याला हसत. नाथांनी त्याला मंत्र शिकवायचा प्रयत्न केला, तर त्याच्या तोंडून ‘एकनाथ’ याखेरीज शब्द निघेना. नाथ म्हणाले, ठीक आहे, तोच तुझा मंत्र.

पुढे नाथांची प्रयाणाची वेळ आली. रामायण अपुरे राहणार म्हणून लोक हळहळले. नाथ म्हणाले, ते गावबा पुरे करील. लोकांना ही थट्टा वाटली. नाथांनी गावबाच्या मस्तकावर हात ठेवला आणि त्याने पंचेचाळिसावा अध्याय त्यांच्या देखत रचून दाखवला. तो ऐकून नाथांचे समाधान झाले.

या गोष्टीतला चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्यापुरता ठरवावा. मला तिच्यातला एक तपशील फार महत्त्वाचा वाटतो. नाथांनी पुढचा अध्याय आपल्या देखत रचवून घेतला. म्हणजे परीक्षा झाली, आणि मूळ ग्रंथकार जिवंत असताना झाली. अर्ध्या ग्रंथांच्या इतिहासात हे फार विरळा घडते.

याला आणखी एक बाजू आहे. याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली होती. तीनशे वर्षांच्या हस्तलेखनात ज्ञानेश्वरीत नाना पाठभेद शिरले होते. नाथांनी ती प्रत नीट केली आणि शेवटी बजावून ठेवले, की या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. दुसऱ्याच्या ग्रंथात आपली ओवी घालणे म्हणजे ताट विटाळणे, असे म्हणणाऱ्या माणसाने आपल्या ग्रंथात शंभरावर अध्याय घालायला दुसऱ्याला बसवले. वरवर हे उलट दिसते. मला तसे वाटत नाही. ज्ञानेश्वरी पूर्ण ग्रंथ होता. तिच्यात चोरून शिरलेली ओवी ज्ञानेश्वरांच्या तोंडी त्यांनी न म्हटलेले घालत होती आणि ज्ञानेश्वर त्याला हो-नाही म्हणायला नव्हते. रामायण अर्धे होते, आणि पुढे लिहिणाऱ्याला लिहिणाऱ्यानेच नेमले होते.

पण गावबालाच का? नाथांचा मुलगा हरिपंडित संस्कृतचा मोठा विद्वान होता. वडील प्राकृतात पुराण सांगतात हे न रुचून तो रुसून काशीला निघून गेल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे समेट झाला. तरी मराठी ओवीत चाळीस हजारांची मजल मारण्याचे काम अशा पंडिताकडे जाणे मला अवघडच वाटते. त्याच्या कानात संस्कृत होते. गावबाच्या कानात नाथ होते. त्याने त्या घरात वर्षे काढली, रोज पुराण ऐकले, ओव्या तयार होताना ऐकल्या. ज्याला एकही मंत्र पाठ होत नाही असा मुलगा एका रात्रीत कवी झाला, असे आख्यायिका म्हणते. मला वाटते, बोलत नव्हता तो मुलगा ऐकत होता. आपल्याकडे कमी शिकलेल्या माणसाने मोठे काम केले की ते त्याचे म्हणण्याऐवजी कृपेचे म्हणायची पद्धत आहे. त्यात कृपा करणाऱ्याचा मान वाढतो आणि करणाऱ्याच्या श्रमाचा हिशेब मात्र कुणी विचारत नाही.

आता प्रत्यक्ष सांधा पाहू. नाथांचा आवाज उचलायला गावबाच्या हाताशी तीन गोष्टी होत्या.

पहिली ओवी. ओवीला अक्षरांचा कडक हिशेब नसतो. तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. आर्येत किंवा शार्दूलविक्रीडितात लिहिणाऱ्या दोन कवींची लकब लवकर वेगळी कळते, कारण नियम घट्ट असतात तिथे प्रत्येकाची ओढाताणही उघडी पडते. ओवी बोलण्याच्या ढंगाची असल्यामुळे ज्याने नाथांचे बोलणे ऐकले आहे त्याला ती पुढे नेता येते. तीन चरणांत विषय लांबवायचा आणि चौथ्यात टेकायचे, हा श्वास एकदा बसला की तो सहसा मोडत नाही.

दुसरी गोष्ट मुद्रा. नाथ अध्यायाच्या शेवटी ‘एका जनार्दना शरण’ अशी आपली आणि गुरूची खूण ठेवतात. गावबानेही तीच ठेवली. त्याने आपले नाव घातले असते तर सांधा डोळ्यांना दिसला असता. पण व्याकरणाने पाहिले तर ही मुद्रा गावबाची होऊ शकत नाही. जनार्दनस्वामी नाथांचे गुरू, गावबाचे गुरू नाथ. म्हणजे ही मुद्रा लिहिताना गावबा नाथ होऊन बोलतो. इथे मला ती मंत्राची गोष्ट पुन्हा आठवते. ज्याला ‘एकनाथ’ याखेरीज दुसरा मंत्र येत नव्हता, त्याच्या तोंडी पुढे आयुष्यभर नाथांचेच नाव यावे, ही जोड आख्यायिका रचणाऱ्याने जाणूनबुजून केली असावी. अध्यायाखालच्या मुद्रेचे स्पष्टीकरण त्या गोष्टीत आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, म्हणजे ग्रंथाचा अर्थ. ग्रंथाचे नावच भावार्थ रामायण. बालकांडाच्या आरंभी नाथ रामकथेतल्या माणसांचे आध्यात्मिक अर्थ लावून देतात. दशरथ म्हणजे दहा इंद्रिये, कौसल्या सद्विद्या, सुमित्रा शुद्ध बुद्धी, कैकेयी अविद्या, मंथरा कुविद्या. राम आनंदरूप, लक्ष्मण आत्मबोध, शत्रुघ्न निर्धार, आणि भरत? भरत म्हणजे भावार्थ.

रामायणाचे कथानक गावबाला ठरवायचे नव्हते, ते वाल्मीकींनी ठरवून ठेवले होते. रावण मरणार, सीता सुटणार, राम अयोध्येला येणार, हे पैठणच्या कुठल्याही पोराला ठाऊक होते. पण नाथांनी आरंभी मांडलेले हे रूपक शेवटास नेणे वाल्मीकींच्या पोथीत सापडणारे नव्हते. या दृष्टीने काय काय गावबाच्या वाट्याला आले ते पाहा. रावणवध आला. नाथांच्या रामायणात देवांची रावणाच्या बंदीतून सुटका हा फार मोठा विषय आहे. राम जन्मालाच त्यासाठी आलेला. परक्या सत्तेखाली राहणाऱ्या श्रोत्यांनी त्यात आपले काय पाहिले असेल हे निराळे सांगायला नको. ती बंद फुटते ती गावबाच्या ओव्यांत.

आणि भरत. नंदिग्रामी चौदा वर्षे पादुका पुढे ठेवून वाट पाहणारा भरत रामाला भेटतो ते युद्धकांडाच्या अखेरीस. नाथांच्या रूपकाने पाहिले तर ही आनंदरूप राम आणि भावार्थ यांची भेट आहे. ग्रंथाला ज्याचे नाव दिले तो अर्थ आपल्या मुक्कामाला पोचतो ती जागा नाथांच्या हातून लिहिली गेलीच नाही. ती गावबाने लिहिली. भावार्थ रामायणात भावार्थाची भेट शिष्याने घडवली, हे ज्या संध्याकाळी माझ्या लक्षात आले त्या संध्याकाळी मी पोथी मिटवून बराच वेळ तसाच बसलो होतो. कैकेयीचेही तसेच. नाथांनी तिला अविद्या म्हणून ठेवले. राम परत आल्यावर अविद्येशी कसे वागायचे, तिला घराबाहेर काढायचे की पाया पडायचे, हा प्रश्न ज्याने रूपक मांडले त्याच्यावर आलाच नाही.

युद्धकांड संपल्यावर गावबापुढे खरा निर्णय होता. थांबायचे की पुढे जायचे? वाल्मीकी रामायणात राज्याभिषेकानंतर युद्धकांडाच्या शेवटी फलश्रुती येते. ग्रंथ वाचल्याने काय मिळते ते सांगून झाले म्हणजे ग्रंथ संपला, अशीच कुणाचीही समजूत होईल. उत्तरकांड मागाहून जोडलेले आहे असे मानणारे अभ्यासक याच जागेवर बोट ठेवतात. म्हणजे मूळ रामायणालाही एक सांधा आहे आणि तिथेही दुसरा हात असावा. गावबा तिथे थांबला असता तर कुणी त्याला दोष दिला नसता.

तो थांबला नाही. त्याने पुरे उत्तरकांड रचले, त्यात रावणाची पूर्वकथा, सीतात्याग, लवकुश, सगळे आले. याच काळात काशीकडे तुलसीदासांनी दुसरा रस्ता धरला होता. रामचरितमानसाचे उत्तरकांड रामराज्य आणि भक्तीच्या निरूपणात जाते, सीतात्याग त्यात नाही. नाथ स्वतः काशीस राहून आले होते. भागवताची टीका त्यांनी शके १४९५ मध्ये तिथेच पुरी केली. तेव्हा आनंदात संपणारे रामायण त्या काळी कल्पनेबाहेरचे होते असे म्हणता येत नाही. नाथांनी काय केले असते हे कुणी सांगू शकत नाही. गावबाने वाल्मीकींची वाट सोडली नाही एवढे दिसते.

याचे एक कारण मला असे वाटते, की दुसऱ्याचा ग्रंथ पुरा करणारा माणूस मुळाला जास्त धरून चालतो. स्वतः ग्रंथकार असता तर त्याने एखादे प्रकरण गाळले असते, ‘मला हे सांगायचे नाही’ असे म्हटले असते. नेमलेल्याला तेवढी मोकळीक वाटत नाही. गाळले तर लोक म्हणतील, याला आले नाही. म्हणून तो सगळे सांगतो. पण त्यामुळे नाथांचे रूपक अडचणीत येते. युद्ध रूपकात बसते, विवेक आणि अहंकार यांचे युद्ध म्हणून ते सांगता येते. गरोदर सीतेला रानात सोडणे कोणत्या आत्मज्ञानात बसवणार? रावणवधापर्यंत अर्थ कथेच्या पुढे चालतो, उत्तरकांडात कथा पुढे जाते आणि अर्थ मागे राहतो. सांधा शोधायचा तर ४४ आणि ४५ यांच्या मधे शोधण्यापेक्षा या जागी शोधावा, असे माझे मत आहे. आवाज नाथांचाच राहतो, पण आता कुणी तरी वेगळा माणूस वाट काढतो आहे हे इथे जाणवते.

वाचकांपैकी कुणाला हे स्वतः पडताळून पाहायचे असेल तर मुद्रा आणि यमके मोजण्यात वेळ घालवू नये, ती गावबाने चोख उचलली आहेत. बालकांडातला एखादा अध्याय आणि उत्तरकांडातला एखादा अध्याय शेजारी ठेवावा. कथा थांबवून निरूपण कुठे सुरू होते आणि निरूपणातून पुन्हा कथेत परतताना कवी काय हाताशी घेऊन येतो, एवढेच पाहावे. नाथ बहुधा रिकाम्या हाताने परतत नाहीत.

नाथांच्या घरातली गोष्ट दीडशे वर्षांनी लिहिली गेल्यामुळे गावबाला स्वतःला काय वाटले हे कळायला मार्ग नाही. त्यासाठी अलीकडच्या एका जोडीकडे यावे लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतले होते. ९ मे १९१९ रोजी ते गेले तेव्हा जेमतेम दहा-साडेदहा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या. टिळक कवी, संस्कृत जाणणारे, संपादक. लक्ष्मीबाई ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या, पण ते सारे पुढचे. नवरा गेला तेव्हा त्यांना असे काव्य झेपेल असे किती जणांना वाटले असते?

इथेही कथानक ठरलेलेच होते. शुभवर्तमाने चार आहेत आणि चारही एकाच चरित्राची. पण चौघांचे क्रम एकसारखे नाहीत. मंदिरातल्या सराफांना हाकलण्याचा प्रसंग योहानाने आरंभी ठेवला आहे, इतर तिघांनी शेवटच्या आठवड्यात. चौघांतून एक कथा करायची तर पुढे लिहिणाऱ्याला अशा जागी निवड करावीच लागते आणि ती कुणाला विचारायची सोय नसते. गावबाला नाथांनी पंचेचाळिसावा अध्याय समोर बसवून करवून घेतला. लक्ष्मीबाईंना तसे कुणी नव्हते. त्यांनीही गावबासारखीच तयारी केली होती, म्हणजे आयुष्यभर एका घरात एक आवाज ऐकला होता. त्या आवाजाशी भांडल्याही होत्या, हे स्मृतिचित्रे वाचलेल्यांना सांगायला नको. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या आणि ख्रिस्तायन १९३८ साली छापून आले. ते दोघांचे म्हणून ओळखले जाते.

भावार्थ रामायणाच्या छापील पोथ्यांवर मात्र नाव एकनाथांचे एकट्याचे असते. गावबाचा उल्लेख आला तर प्रस्तावनेत येतो, आणि तोही पुरणपोळीसकट. युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायाची समाप्ती आणि ४५ व्याचा आरंभ बहुतेक पोथ्यांत एकाच पानावर आहे, मधे एक रेघ सुद्धा नाही. सप्ताहात कुणी वाचकाच्या शेजारी बसणार असेल, तर त्या पानाशी आल्यावर त्याला जरा हळू वाचायला सांगावे.